घटक ४ : स्थिरचित्रातील खोली – तीन स्तर आणि पराशय

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• एका छायाचित्राचे तीन स्तर कोठे आणि का वेगळे करावेत, हे सांगता येईल.
• प्रत्येक स्तराचे सरकणे आणि त्यासाठी लागणारी भर ठरवता येईल.
• सदोष परिणाम ओळखून त्याचे कारण शोधता येईल.

४.१ प्रास्ताविक

भोरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून पाहिले, तर रस्त्याकडेची झाडे वेगाने मागे पळतात, वाडीतील घरे सावकाश सरकतात आणि तोरणा मात्र जागच्या जागी उभा असतो. पाहणारा हलला की जवळची वस्तू अधिक व दूरची कमी सरकलेली दिसते. यालाच पराशय किंवा पॅरलॅक्स म्हणतात. माहितीपटात एखादेच छायाचित्र हाती असते, तेव्हा त्याचे स्तर वेगळे करून हा अनुभव कृत्रिमरीत्या निर्माण करता येतो.

४.२ स्तरांची निवड

वेल्हे येथील एक चित्र घेऊ. पुढे सुमारे १० मीटरवर आंब्याचे झाड व भातखाचर, १०० मीटरवर कौलारू घरे आणि मागे, समजा २००० मीटरवर, तोरणा. हे अनुक्रमे अग्रभूमी, मध्यभूमी व पार्श्वभूमी होत.

झाडाची कड सहज सापडते. खरी अडचण जमिनीची असते. जमीन पायाशी सुरू होऊन डोंगरापर्यंत सलग जाते. ती मध्येच कापली, तर दोन्ही भाग वेगवेगळ्या गतीने सरकून तेथे चीर दिसते. म्हणून चित्रात मुळातच असलेली कड शोधावी. भातखाचराचा बांध ही अशी कड आहे. बांधाच्या माथ्यावरून काप घेतला, तर बांधामागची जमीन त्याच्याआड सरकल्यासारखी वाटते. धरणाच्या पाण्यात डोंगराचे प्रतिबिंब असेल, तर ते डोंगराच्याच स्तरात ठेवावे.

४.३ सरकण्याचे प्रमाण

सरकणे अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. झाड ६० पिक्सेल सरकले, तर घरे ६ आणि तोरणा ०.३ पिक्सेल सरकेल. इतके तंतोतंत प्रमाण पाळल्यास घरांची हालचाल जाणवतच नाही. म्हणून व्यवहारात झाड ६०, घरे २० आणि डोंगर ० असे प्रमाण घेता येते. क्रम मात्र कधीही उलटवू नये.

मूळ चित्र हालचालीच्या मध्यावर ठेवावे. म्हणजे झाड डावीउजवीकडे ३०–३० व घरे १०–१० पिक्सेल जातील. चौकट १९२० पिक्सेल रुंद असेल, तर झाडाचा स्तर किमान १९८० पिक्सेल रुंद हवा. अन्यथा कडेला रिकामी पट्टी उघडी पडेल. एकूण कालावधी ८ सेकंद ठेवून सुरुवात व शेवट मंद करावा.

४.४ झाकलेल्या भागाची भर

झाड हलले की त्यामागचा, कॅमेऱ्याने न टिपलेला भाग उघडा पडतो. झाडामागील संपूर्ण दृश्य रंगवण्याची गरज नसते. झाड व घरे यांच्या सरकण्यात मध्यापासून जास्तीत जास्त २० पिक्सेलचा फरक पडतो. म्हणून घरांच्या स्तरात झाडाच्या कडेपासून आत २० आणि सुरक्षिततेसाठी आणखी १० पिक्सेल भर पुरते. झाडामागे थेट डोंगर असेल तेथे ३० अधिक १०, म्हणजे ४० पिक्सेल लागतील. याहून अरुंद फांदीमागची जागा मात्र पूर्ण भरावी लागते.

गिंप या मोफत प्रणालीत प्रथम मूळ चित्राच्या तीन प्रती कराव्यात. पुढच्या दोन प्रतींत आपापला भाग ठेवून उरलेला पारदर्शक करावा. मागच्या प्रतींत `Clone` साधनाने कडेबाहेरचा पोत आत आणावा. स्तर `PNG` स्वरूपात जतन करून केडनलाइव्हसारख्या संपादन प्रणालीत एकावर एक रचावेत आणि `Transform` परिणामाने त्यांचे आरंभ व अंत स्थान ठरवावे.

४.५ दोषांची ओळख

पहिली व शेवटची चौकट थांबवून पूर्ण आकारात पाहावी. झाडाच्या कडेला दुसरे झाड डोकावत असेल, तर मागच्या स्तरातील भर अपुरी आहे. पानांभोवती आकाशाची पांढरी किनार दिसत असेल, तर निवड `Shrink` ने एक-दोन पिक्सेल आत घ्यावी. घरे झटके देत सरकत असतील, तर प्रणाली पूर्ण पिक्सेलनेच स्थान बदलत आहे. दुप्पट आकारात काम करून शेवटी चित्र लहान करावे.

४.६ पुराव्याची मर्यादा

भर ही आपली रचना असते, छायाचित्राची साक्ष नव्हे. गवत वा आकाश वाढवणे क्षम्य आहे. परंतु झाडाआड नसलेले घर, दार किंवा माणूस निर्माण केल्यास माहितीपट खोटा पुरावा देतो. जुन्या वाड्याच्या एकमेव छायाचित्राबाबत हा धोका अधिक असतो. अशा वेळी सरकणे कमी करावे, म्हणजे भरही कमी लागते. मूळ चित्र अबाधित जपावे आणि श्रेयनामावलीत बदलाची नोंद करावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. जमिनीचा काप बांधावरून का घ्यावा?
२. झाड एकूण ४० व घरे १० पिक्सेल सरकतात. चित्र मध्यावर असल्यास घरांच्या स्तरात झाडाच्या प्रत्येक कडेला किमान किती भर लागेल? (उत्तर : १५ पिक्सेल, सुरक्षिततेची भर वेगळी.)
३. आपल्या परिसरातील एका छायाचित्राचे तीन स्तर ठरवा आणि प्रत्येक कापासाठी चित्रातील कोणती कड वापराल, ते लिहा.