रात्रीच्या गोळ्यांचा हिशोब

चि. सौ. शुभदा,

तुझे पत्र पोचले. मामंजी लागोपाठ चार दिवस सकाळी दहापर्यंत जागे झाले नाहीत, जागे झाल्यावर जीभ जड आणि पाऊल अस्थिर होते, आणि एकदा स्नानगृहाच्या उंबरठ्यावर तोल जाऊन ते भिंतीला टेकले, हा मजकूर वाचला. आणि त्याखाली त्यांच्या रात्रीच्या औषधांचा जो तपशील तू पट्ट्यांवरून उतरवून पाठवलास, तो पुन्हा पुन्हा पडताळला, तेव्हा वय वाढले म्हणून हे घडते आहे, या घरातल्या मंडळींच्या मताशी मला सहमत होता येईना. उभे आयुष्य औषधालयाच्या फळीमागे गेल्यामुळे माझी नजर प्रथम पट्टीच्या मागच्या बारीक अक्षरांकडे जाते, आणि तिथेच या प्रकरणाचा उलगडा आहे.

पूर्वीच्या डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेली गोळी क्लोनाझेपामची, 0.5 मिलिग्रॅमची. गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी मनाच्या खिन्नतेसाठी जी गोळी सुरू केली, तिचे नाव वेगळे, रंग वेगळा, कंपनी वेगळी. परंतु तू उतरवलेल्या घटकांत एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅमच्या शेजारी क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम असे स्पष्ट आहे. जुनी चिठ्ठी नव्या डॉक्टरांच्या पुढे ठेवली गेली नाही, म्हणून एकच औषध दोन नावांनी डबीच्या एकाच कप्प्यात येऊन बसले आणि रोजची मात्रा 1 मिलिग्रॅम झाली. एवढ्यावर थांबले असते तरी काळजी होतीच. पण तू सहज लिहून गेलीस की, डबी तू दुसऱ्या पट्टीतून भरतेस आणि जुन्या गोळीची एक पट्टी ‘लागलीच तर’ म्हणून त्यांच्या उशाशी असते. सोमवारी तिथे 10 गोळ्यांची अखंड पट्टी ठेवली आणि शुक्रवारी सकाळी तीत 6 उरल्या, म्हणजे चार रात्री चार गोळ्या अधिक गेल्या. साडेनऊला तू कप्पा रिकामा करून त्यांच्या हाती देतेस, अकराला ते चाळवतात, आणि आज गोळी राहिलीच अशी त्यांची खात्री होऊन ते पट्टी फोडतात. रात्रीला दीड मिलिग्रॅम, ठरवून दिलेल्या पहिल्या मात्रेच्या तिप्पट.

ते खोटे बोलतात असे कोणी म्हणू नये. क्लोनाझेपामसारखी बेन्झोडायझेपीन वर्गातली औषधे, आणि झोपेसाठी दिले जाणारे झोल्पिडेमही, घेतल्यानंतरच्या काही तासांतल्या घटनांची नोंद मेंदूत नीटशी होऊच देत नाहीत. अर्धवट जागा झालेला मनुष्य बोलतो, पाणी पितो, दिवा लावतो, आणि सकाळी त्यांतले काहीच त्याला आठवत नाही. म्हणून ज्या औषधाचा हिशोब सर्वांत काटेकोर हवा, त्याच औषधाच्या बाबतीत घेणाऱ्याच्या स्मरणावर विसंबता येत नाही. शिवाय क्लोनाझेपाम शरीरातून अतिशय सावकाश जाते; त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारणतः 30 ते 40 तास लागतात, म्हणजे उद्याची गोळी पोटात जाते तेव्हा आजच्या गोळीचा निम्म्याहून अधिक अंश रक्तात शिल्लकच असतो. त्यामुळे पहिल्या रात्रीची चूक फारशी दिसत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळी पाय लटपटू लागतात. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या ज्या गोळीचा तू शेवटी उल्लेख केला आहेस, तीत क्लोरफेनिरामीन आहे, आणि तेही गुंगी आणणारेच. ते याच रात्रींत पडले, हे लक्षात असू दे.

आता डबीविषयी. सात वारांच्या कप्प्यांची डबी ही स्मरणाची जागा घेणारी साक्ष आहे, आणि साक्षीदार एकच असला तरच त्याचा उपयोग. कप्पा रिकामा म्हणजे गोळी गेली, भरलेला म्हणजे राहिली, हे विधान तेव्हाच खरे ठरते, जेव्हा डबी भरणारा हात एक असतो, भरण्याचा दिवस एक असतो, आणि त्या डबीबाहेर रात्रीचे कोणतेही औषध त्यांच्या हाताशी नसते. उशाजवळची पट्टी आजच उचल आणि कपाटात कुलूपबंद कर. डॉक्टरांनी मध्येच फेरफार केला तर चालू आठवड्याच्या कप्प्यांत नवी गोळी टाकीत बसू नकोस. सगळी डबी ताटात रिकामी करून नव्या यादीबरहुकूम पुन्हा भर, कारण पांढऱ्या, गोल, बारीक गोळ्या पट्टीबाहेर पडल्या की एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. कप्पा रिकामा असून मामंजी घेतली नाही म्हणाले तर कप्प्यावर विश्वास ठेव. गोळी अंथरुणात किंवा जमिनीवर पडली आहे का ते अवश्य पाहा. पण ती न सापडली तरी झोपेची गोळी दुसऱ्यांदा देऊ नकोस, कारण एखादी रात्र जागरणात गेल्याचे नुकसान दुप्पट गुंगीच्या नुकसानापुढे थोडे. सकाळी कप्पा भरलेलाच आढळला तर ती गोळी दिवसा देऊन भरपाई करू नये. घरात कोणी हेच औषध फेफऱ्यासाठी घेत असते तर मात्र मी हा नियम सांगितला नसता. तिथे राहिलेल्या मात्रेचे काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे लागते.

पट्टीचाही योग्य उपयोग करता येतो. 1960 च्या दशकात डेव्हिड वॅग्नर नावाच्या अमेरिकी गृहस्थाने पत्नीच्या संततिनियमनाच्या गोळ्यांसाठी वारांची नोंद असलेली चकती तयार केली, ती आजची गोळी घेतली की नाही हा नित्याचा संशय मिटावा म्हणूनच. वार-तारीख छापलेल्या पट्ट्यांमागे हाच विचार आहे. आपल्याकडच्या पट्टीवर बहुधा असे काही छापलेले नसते, तेव्हा न पुसणाऱ्या शाईने प्रत्येक गोळीवर तारीख घाल. दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा नाव आणि मुदत बहुधा एकाच तुकड्यावर राहते. दुसरा तुकडा घरी आला तर पाकिटावर सगळा मजकूर त्याच्याकडूनच लिहून घे. तुझ्या रत्नागिरीच्या दमट हवेत आणखी एक खबरदारी हवी: शेजारच्या आजी घेतात त्या सोडियम व्हॅल्प्रोएटसारख्या ओल शोषणाऱ्या गोळ्या डबीत काढून ठेवण्याजोग्या नसतात, त्या वेष्टनातच राहाव्यात.

जास्त मात्रा गेल्याचा संशय रात्रीच आला तर ओकारी काढायला लावू नकोस, कॉफी पाजू नकोस. पुढचे कोणतेही गुंगीचे औषध थांबव, कुशीवर निजव, वेळ लिहून ठेव, आणि जागे राहून श्वास पाहा. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा घोरता झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 108 ला विनाविलंब फोन कर आणि सर्व पट्ट्या बरोबर घे. जास्त मात्रा गेलेला माणूस ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक किंवा मद्य घेत असेल, तर इतकी वाट पाहण्याचीही सोय नाही.

घाबरून क्लोनाझेपाम एकदम बंद करू नकोस. इतक्या दिवसांच्या सवयीनंतर ते अचानक थांबवले तर अस्वस्थता, निद्रानाश, क्वचित झटकेही येतात. आजच डॉक्टरांना फोन करून दोन्ही पट्ट्यांतले घटक वाचून दाखव, आणि आज रात्रीपासून कोणती गोळी ठेवायची, दुसरी कशी उतरवायची, हे त्यांच्याकडून ठरवून घे. सर्दीची गोळी मात्र आजच बंद. मामंजींची सगळी औषधे, सकाळची, दुपारची, रात्रीची, घटकांच्या नावांसह एका कागदावर लिही, दोन्ही डॉक्टरांना तोच कागद दाखव, आणि त्याची एक प्रत मला टपालाने पाठव. नव्या चिठ्ठीशी मी ती ताडून पाहीन.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका