रील दुकानाची, आयडी कुणाचा?

बोईसरच्या बाजारात साडीच्या दुकानाची जाहिरात पूर्वी रिक्षाच्या पाठीवर किंवा केबलच्या खालच्या पट्टीत दिसायची. आता ती काउंटरवरच्या मुलीच्या मोबाइलमध्ये असते. भाड्याने आणलेल्या मॉडेलपेक्षा दिवसभर घड्या मोडून दाखवणारी मुलगी जेव्हा फॉल कुठून लावायचा आणि कुठली साडी पहिल्याच धुण्यात रंग सोडेल हे सांगते, तेव्हा गिऱ्हाईक जास्त थांबून ऐकतं. मालकाला हे फुकट मिळतं. भानगडही तिथेच सुरू होते.

उमरोळीची एक सेल्सगर्ल रोज शटलने एक स्टेशन पुढे, बोईसरला कामाला येते. आपलं आणि दुकानाचं नाव न छापण्याच्या अटीवर तिने जे घडलं ते सांगितलं. सेमी पैठणीच्या निऱ्या फुगू नयेत म्हणून काय करावं, अशी तिची एक साधी रील लग्नसराईत धो-धो चालली. डहाणूपासून विरारपर्यंतच्या बायका ती साडी मागत दुकानात आल्या. मालक खूश होता.

रीलमध्ये तिच्या मागे भिंतभर आरसा होता. त्या आरशात गादीवर बसलेली एक गिऱ्हाईक बाई काही सेकंद स्पष्ट दिसत होती, खांद्यावर साडी टाकून हसत. ती बाई तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि त्या दिवशी तिने आजारपणाची रजा टाकलेली होती. रील फिरत फिरत तिच्या सुपरवायझरपर्यंत पोहोचली. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "मला न विचारता माझा व्हिडिओ कसा काय टाकलात?" मग सगळ्यांनी मिळून रील थांबवून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. काउंटरवर बिलबुक उघडं होतं. बोटांनी मोठं केलं की दोन गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाइल नंबर सरळ वाचता येत होते.

रील काढून टाकली, पण वाद संपला नाही. मालक म्हणाला, आयडी माझ्या ताब्यात दे. तो आयडी तिच्या नंबरवर उघडलेला, ओटीपी तिच्याच फोनवर येणारा. "शेठ, पगार मला साडी विकायचा मिळतो," ती म्हणाली, "एडिटिंग मी घरी, जेवणखाण आटोपल्यावर करते." मालकाचं उत्तरही तयार होतं: साडी माझी, दुकान माझं, लाइटबिलही माझं.

दोघांच्याही बोलण्यात दम आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण साडी विकायला ठेवलेल्या मुलीने रात्री घरी बसून जोडलेली रील नोकरीचा भाग म्हणायची का? नेमणूकपत्रात याबद्दल ओळ नसेल तर हा प्रश्न लोंबकळत राहतो. छोट्या दुकानांत तर नेमणूकपत्रच नसतं, ही गोष्ट वेगळी.

हा घोळ केवळ छोट्या दुकानांचा नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये एसटीच्या कळंब आगारातल्या एका महिला वाहकाला गणवेशात रील्स केल्या म्हणून निलंबित केलं होतं. राज्यभर टीका झाली, निलंबन मागे घ्यावं लागलं. काय चालेल आणि काय नाही, हे आधी सांगितलेलं नसलं की असं होतं. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे सविस्तर नियम काढले ते जुलै 2025 मध्ये. त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं आहे, आणि रील्समध्ये गणवेश, पदनाम, सरकारी वाहन वापरण्याला मनाई आहे. अमेरिकेत 2020 मध्ये शेरविन-विल्यम्स या रंग कंपनीने दुकानात रंग कालवण्याचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका तरुण कर्मचाऱ्याला काढून टाकलं. त्याला टिकटॉकवर दहा लाखांहून जास्त लोक बघत होते आणि ही कल्पना त्याने आधी कंपनीपुढेही मांडली होती. पुढे दुसऱ्या रंग कंपनीने त्याला बोलावून घेतलं.

उमरोळीच्या मुलीच्या दुकानात शेवटी एका पानाचा कागद झाला. तो वाचण्यासारखा आहे, कारण तो वकिलाने लिहिलेला नाही, भांडून झाल्यावर लिहिलेला आहे.

पहिली गोष्ट आयडीची. दुकानाचं खातं आता दुकानाच्या सिमवर आणि दुकानाच्या ईमेलवर आहे. मुलींना पासवर्ड देत नाहीत. मेटा बिझनेस सूटमधून ज्याला-त्याला कामापुरती परवानगी देतात आणि कोणी नोकरी सोडली की तेवढीच काढून घेतात. रील दुकानाच्या खात्यावरून टाकायची आणि बनवणारीला 'कोलॅब'ची विनंती पाठवायची. तिने ती स्वीकारली की एकाच रीलवर दोन्ही नावं येतात आणि ती दोन्हीकडे दिसते. दुकानात असताना शूटिंगला ठरलेला वेळ मिळतो. घरी केलेल्या एडिटिंगचे पैसे रीलमागे वेगळे, मग ती चालो वा न चालो. व्ह्यूजवर पैसे ठेवले असते तर मुलींनी साडीऐवजी नाच दाखवला असता, असं तीच हसत म्हणते.

ती स्वतःच्या खात्यावर दुकानाची साडी दाखवते तेव्हा 'मी इथे काम करते' हे रीलवरच लिहिते. जाहिरात क्षेत्राच्या 'आस्की' या संस्थेच्या 2021 च्या नियमांत नोकरीचं नातंही उघड करायला सांगितलं आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती पट्टी किमान तीन सेकंद दिसली पाहिजे. खाली हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवून चालत नाही.

गाण्याचंही ठरलं. वैयक्तिक खात्यावर मिळणारं सिनेमाचं गाणं दुकानाच्या धंद्यासाठी वापरायची परवानगी नसते. रील मुकी होते, कधी उडते. म्हणून आता तिचा आवाज आणि साडीची सळसळ एवढंच ठेवतात. ते जास्त बरं वाटतं, हे माझं मत.

सगळ्यात जास्त शाई खर्च झाली ती कॅमेऱ्यात काय येऊ द्यायचं यावर. शूटिंग सकाळी दुकान उघडण्याआधी, आरशाकडे पाठ न करता, साध्या भिंतीसमोर. काउंटरवर बिलबुक, कॉम्प्युटरचा स्क्रीन, कुरिअरचं पाकीट काही नको. ट्रायल रूमच्या बाजूला मोबाइल वळवायचाच नाही. सीसीटीव्हीतला गमतीचा तुकडा कितीही गमतीचा असला तरी टाकायचा नाही. गिऱ्हाइकाला घ्यायचं असेल तर बिल झाल्यावर विचारायचं, आधी नाही. कारण सूट मिळेल या आशेने दिलेला होकार हा होकार नव्हे. कुठे टाकणार हे सांगायचं, तयार रील दाखवायची आणि काढा म्हटलं की त्याच दिवशी काढायची. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर आई-वडिलांना विचारायचं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणं सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे.

तेच सहकारी मुलींनाही लागू आहे. काहींच्या घरी फोटो चालत नाही, एखादी कोणापासून तरी लांब राहण्यासाठी गाव सोडून आलेली असते. रीलमध्ये यायला नाही म्हटल्यावर कारण विचारायचं नाही आणि ड्युटी बदलायची नाही, असं कागदात स्पष्ट आहे. ही ओळ मालकाने नाही, तिने घालायला लावली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदाने सुटत नाही. नोकरी सोडल्यावर जुन्या रील्स दुकानाकडे राहतील, पण तिचा चेहरा बघून तिच्या खात्यावर आलेली माणसं तिच्याबरोबरच जातील. मालकाने हे पहिल्याच दिवशी मान्य करावं आणि त्या हिशेबानेच पगार ठरवावा.