आकडा सांगण्याआधी

नवा क्लायंट पहिल्याच बैठकीत विचारणार, "महिन्याला किती फोन येतील?" त्याच्या खात्यात जुना इतिहास काहीच नसतो, त्यामुळे तुझ्या हातात फक्त कीवर्ड प्लॅनर आणि तू धरलेले दर. उत्तर द्यायचंच आहे, पण ते कसं द्यायचं ते ऐकून ठेव. पुण्यात वॉटरप्रूफिंगची कामं घेणारा एखादा कंत्राटदार आहे असं समजू.

आधी शोधांचा आकडा धुऊन घे. 'वॉटरप्रूफिंग पुणे' आणि 'पुण्यात वॉटरप्रूफिंग' अशा जवळच्या शब्दांना प्लॅनर बऱ्याचदा एकाच गठ्ठ्यात मोजतो आणि दोघांपुढे तोच आकडा दाखवतो. तू भाबडेपणाने बेरीज केलीस की तीच माणसं दोनदा मोजली जातात. शेजारशेजारच्या दोन ओळींत बारा महिन्यांचे आकडे अगदी सारखे दिसले, तर एक ओळ खोड. मग 'केमिकलची किंमत', 'कोर्स', 'नोकरी' असले शब्द काढ. ती माणसं गच्ची गळते म्हणून आलेली नाहीत. ठिकाण पुणे निवडलंय ना, तेही बघ. अख्ख्या देशाचा आकडा पुण्याच्या नावावर खपवलेला मी पाहिलाय. समजा, एवढं सगळं गाळून महिन्याला ४,००० शोध उरले.

आता हे ४,००० म्हणजे बारा महिन्यांची सरासरी. आपल्याकडे गळतीची आठवण लोकांना पावसाच्या तोंडावर होते. जूनमध्ये ९,००० आणि डिसेंबरमध्ये १,५०० असले तरी सरासरी ४,००० येऊ शकते. मोहीम ज्या महिन्यात सुरू होणार त्या महिन्याचा आकडा घे. नाहीतर डिसेंबरात क्लायंट तुला धारेवर धरेल, आणि त्याचं चुकलेलं नसेल. इथे हिशेब सोपा राहावा म्हणून ४,०००च धरू.

पुढे तीन दर लागतात: इतक्या शोधांपैकी किती वेळा आपली जाहिरात दिसेल, दिसल्यावर किती जण क्लिक करतील, आणि क्लिक करणाऱ्यांपैकी किती जण फोन करतील किंवा फॉर्म भरतील. ५० टक्के, ६ टक्के आणि ५ टक्के धर. ४,००० शोधांतून २,००० वेळा जाहिरात दिसली, १२० क्लिक मिळाले, ६ चौकश्या आल्या. क्लिक ४० रुपयांना पडला तर खर्च ४,८०० आणि एक चौकशी ८०० रुपयांना.

छान दिसतं ना? आता तेच दर जरा हात आखडून धर: ३० टक्के, ४ टक्के, ३ टक्के. क्लिक ४८ आणि चौकश्या जेमतेम दीड. हात सैल सोडून ६०, ८ आणि ७ टक्के धरलेस तर क्लिक १९२ आणि चौकश्या तेरा. एकेक दर पाहिला तर दुप्पट-अडीचपटीचाच फरक, पण गुणाकारात तो जवळपास नऊपट झाला. म्हणून क्लायंटपुढे एकच आकडा कधी ठेवू नकोस. तीन रकाने ठेव आणि प्रत्येक दराखाली तो कुठून आणला ते लिही: आपल्याच दुसऱ्या बांधकाम क्लायंटचा अनुभव, की निव्वळ अंदाज. इंटरनेटवरच्या सरासऱ्या उचलून आणू नकोस. त्यांत कोण कोण मिसळलंय ते कळत नाही.

आणखी एक चाळणी विसरली जाते, ती बजेटची. क्लायंट म्हणाला रोज १०० रुपयेच, तर महिन्याचे साधारण ३,०४०, म्हणजे ७६ क्लिक. बाजारात १२० क्लिक असले तरी तू ७६च विकत घेणार आहेस, आणि चौकश्या चारच्या आसपास. बाजाराचे क्लिक आणि बजेटचे क्लिक, यातला लहान आकडा खरा धरायचा.

मोहीम सुरू झाली की तुझे दर खऱ्या दरांनी बदलत जा, पण क्रमाने. दिसण्याचा आणि क्लिकचा दर लवकर स्थिरावतो, कारण तिथे नोंदी भरपूर असतात. चौकशीच्या दराला वेळ लागतो. खरा दर ५ टक्के असूनही पहिल्या २० क्लिकांत एकही फोन न येण्याची शक्यता ३६ टक्के आहे, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वेबसाइट मोडीत काढू नकोस. ६० क्लिकांनंतरही शून्यच असेल, तर मात्र तशी शक्यता ५ टक्क्यांखाली येते. तेव्हा आधी स्वतःच्या मोबाइलवरून फॉर्म भरून बघ आणि नोंद पडते का ते तपास. अनेकदा फोन येत असतात, मोजणीचा कोडच बसवलेला नसतो. ते ठीक निघालं तर तुझा ५ टक्के खोडून ३ लिही आणि सुधारलेला तक्ता क्लायंटने विचारायच्या आधी पाठव.

आणि कंत्राटदाराला हेही विचार, की सहा चौकश्यांतून कामं किती मिळतात. तो "दोन" म्हणाला, तर एका कामामागे जाहिरातीचे २,४०० रुपये पडले. हा व्यवहार परवडतो का ते तोच सांगू शकेल.