गाईड शोधताना लिहिलेलं पत्र

परळी तालुक्यातून एलएल.एम. करताना मी प्रबंधासाठी गुंतवणूक करारांतील सुधारणा हा विषय घेतला. आमच्या भागात या विषयाचं मार्गदर्शन करणारं कुणी नव्हतं. मग बाहेरच्या विद्यापीठातल्या एका सरांना पत्र लिहिलं. त्या पत्रातून जे कळलं ते इथे मांडते.

१. गावाकडचा धागा असेल तर तो जरूर धरावा, पण दोन-तीन वाक्यांतच. मला तो सापडला होता. १९९५ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची फेरतपासणी करणाऱ्या मंत्रिमंडळ उपसमितीचे अध्यक्ष आमच्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे होते. प्रकल्प रद्द झाला, वाटाघाटींनंतर पुन्हा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. अमेरिकेशी भारताचा गुंतवणूक करारच नव्हता. म्हणून बेक्टेल आणि जीई यांनी आपल्या मॉरिशसमधल्या कंपन्या पुढे करून १९९८ च्या भारत-मॉरिशस कराराखाली दावे लावले. पुढे २००५ मध्ये तडजोड झाली. आमच्याकडे एन्रॉन म्हटलं की निवडणुकीतली भाषणं आठवतात, मॉरिशसचा करार कुणाला आठवत नाही. पण या गोष्टीला प्रबंधाचा प्रश्न म्हणता येत नाही. सरांनाही ती पाठ असणारच.

२. प्रश्न कलमातून काढावा. पत्रातला सगळ्यात मोठा परिच्छेद मी यालाच दिला.

ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीज कंपनीला २००२ मध्ये कोल इंडियाविरुद्ध लवादाचा निवाडा मिळाला होता. तो आपल्या न्यायालयांत नऊ वर्षं अडकला. शेवटी कंपनीने कराराखाली भारतावरच दावा लावला आणि २०११ मध्ये जिंकला. भारत-ऑस्ट्रेलिया करारात ‘दाद मागण्याची परिणामकारक साधनं’ देण्याची हमी नव्हती. ती भारत-कुवेत करारात होती, आणि सर्वाधिक पसंत राष्ट्राच्या कलमातून ती उचलून आणली गेली. त्यानंतर सरकारने २०१५ चा नमुना करार केला. त्यातून हे कलम गेलं आणि परदेशी गुंतवणूकदाराने आधी इथल्या न्यायालयांत पाच वर्षं दाद मागावी, ही अट आली. म्हणजे ज्या न्यायालयांतल्या विलंबामुळे आपण हरलो, त्याच न्यायालयांत गुंतवणूकदाराने आधी थांबायचं.

ही अट मी कागदावर मांडून पाहिली. समजा, सरकारचा निर्णय गुंतवणूकदाराला १ जानेवारी २०१७ रोजी कळला. वर्षभरात त्याला इथे दाद मागावी लागेल. निर्णय कळल्यापासून पाच वर्षं १ जानेवारी २०२२ ला भरतात. तेव्हा वादाची नोटीस द्यायची आणि सहा महिने वाटाघाटी करायच्या, म्हणजे जुलै उजाडला. मग लवादाची नव्वद दिवसांची नोटीस, म्हणजे सप्टेंबर संपला. आणि निर्णय कळल्यापासून सहा वर्षांत दावा दाखल झालाच पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. सगळे टप्पे एकामागून एक धरले तर दाव्यासाठी जेमतेम तीन महिने उरतात. स्थानिक न्यायालयात दिलासा मिळण्याची वाजवी शक्यताच नसेल तर या अटीतून सूट आहे, पण ती शक्यता नाही हे ठरवायचं कसं?

पत्रात मी लिहिलं होतं : “आदरणीय सर, ही मुदत दावे रोखण्यासाठी आहे की न्यायालयांना संधी देण्यासाठी, हे कलमाच्या रचनेवरून तपासायचं आहे. २०२४ च्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात ती तीन वर्षांवर आली, तिथे हाच हिशेब कसा बदलतो, तेही पाहायचं आहे.”

३. काय करणार नाही, तेही लिहावं. व्होडाफोन आणि केर्न हे करवादाचे मोठे निवाडे मी बाहेर ठेवले, कारण ते जुन्या करारांखालचे आहेत आणि नमुना करारातून कर हा विषयच वगळलेला आहे. सरांनी फोनवर पहिल्यांदा विचारलं ते याच परिच्छेदाबद्दल.

४. साधनं कुठे मिळतील ते सांगावं. करारांची संहिता आणि व्हाइट इंडस्ट्रीजचा निवाडा उघड उपलब्ध आहे. दाभोळच्या दाव्यांचं तसं नाही. तडजोड झाल्यामुळे कराराखालच्या त्या दाव्यांवर लवादाचा अंतिम निवाडाच आलेला नाही. म्हणून दाभोळ पार्श्वभूमीपुरता ठेवला.

५. ‘मार्गदर्शन करावे ही विनंती’ एवढंच लिहून थांबू नये. मी दोन पानी आराखडा जोडला आणि पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा कधी देईन ते लिहिलं. सरांना काय करायचं आहे ते त्यांना कळलं पाहिजे.

या विषयावर कुणी पत्र लिहिणार असेल तर आधी एक काम करावं. आपण ज्या कराराबद्दल लिहितो आहोत तो चालू आहे का, ते पाहावं. २०१६ पासून भारताने पन्नासहून अधिक देशांना करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. पण संपलेल्या करारांतही जुन्या गुंतवणुकीला पुढे काही वर्षं संरक्षण असतं, आणि त्या वर्षांची संख्या प्रत्येक करारात वेगळी आहे. शिवाय नमुना करार बदलणार असल्याचं केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं आहे, तेव्हा पत्रावर तारीख घालायला विसरू नका.