एका पेशीपासून लाखापर्यंत

पेडणे वा डिचोलीतील तापकरी बाळाच्या लघवीचा नमुना कल्चरसाठी दूरच्या प्रयोगशाळेत पाठवताना वाटेत काय घडते, हे साध्या गणिताने पाहू.

जिवाणूंची संख्या दुप्पट होण्यास लागणारा काळ म्हणजे पिढीकाल. अनुकूल स्थितीत ई. कोलायचा पिढीकाल सुमारे २० मिनिटे असतो. एका पेशीच्या तासाभरात तीन दुपटी होतात व आठ पेशी बनतात. दोन तासांत ६४. n दुपटींनंतरची संख्या 2^n. दहा दुपटींनी १,०२४, सतरा दुपटींनी १,३१,०७२.

प्रतिमिलिलीटर एक लाख हा संसर्गाचा रूढ उंबरठा. त्वचेवरून मिसळलेले हजार जिवाणू नमुन्यात असले, तर पहिल्या दहा दुपटी झाल्याच म्हणायच्या, उरल्या सातच! खोलीच्या तापमानात पिढीकाल ४० मिनिटे धरला, तरी २८० मिनिटांत उंबरठा ओलांडला जातो आणि निरोगी बाळाला प्रतिजैविक मिळते.

आरंभीच्या विश्रांतिकाळामुळे प्रत्यक्ष वाढ याहून मंद असू शकते आणि पोषण संपताच थांबते. तथापि चार अंश सेल्सिअसला ती जवळजवळ थांबते. म्हणून नमुना त्वरित बर्फाच्या पेटीत ठेवावा व घेतल्याची वेळ बाटलीवर लिहावी.