सहा दिवसांचा हिशेब

मुलांनो, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतील तजेलदार वांगी पाहून त्यांवर औषध केव्हा फवारले होते, हे कोणासही सांगता येणार नाही. कीटकनाशकाचा अंश डोळ्यांना दिसत नाही. काही औषधे तर फळाच्या आत मुरतात, ती धुऊनही जात नाहीत.

मात्र ऊन, पाऊस व फळाची वाढ यांमुळे हा अंश हळूहळू घटत जातो. समजा, फवारणीनंतर एक किलो वांग्यांत १.६ मिलिग्रॅम औषध आहे व ते दर दोन दिवसांनी निम्मे होते. मग दुसऱ्या दिवशी ०.८, चौथ्या दिवशी ०.४ व सहाव्या दिवशी ०.२ मिलिग्रॅम उरेल. कायद्याने ठरविलेली कमाल अवशेष मर्यादा ०.२ असेल, तर सहा दिवस तोडणी करू नये. यालाच प्रतीक्षा कालावधी म्हणतात. तो प्रत्येक औषधाचा व पिकाचा वेगळा असतो आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. भाव चढला म्हणून चौथ्याच दिवशी वांगी तोडली, तर मर्यादेच्या दुप्पट औषध पोटात जाईल.

२००३ साली महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत असाच अधिक अंश आढळला. त्यानंतर युरोपास पाठवावयाची द्राक्षे तोडणीपूर्वी प्रयोगशाळेत तपासली जाऊ लागली. मंडईतील प्रत्येक टोपलीची अशी तपासणी होत नाही. तेथे शेतकऱ्याने मोजलेले दिवस हीच आपली राखण होय.