गच्चीला इन्सुलेशन किती लागेल? जाडी आधी, चौरस फूट नंतर

एप्रिल लागला की दुकानात रोज दोन-तीन जण येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, स्लॅबवर टाकायचं ते थर्माकोलसारखं काय असते, चौरस फुटाचा भाव काय?" चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण नुसता चौरस फुटाचा भाव सांगणारा दुकानदार एकतर स्वतः फसतो, नाहीतर गिऱ्हाईकाला फसवतो. २५ मिमीची शीट आणि ५० मिमीची शीट चौरस फुटात सारखीच दिसते, मटेरियल मात्र दुप्पट असते. म्हणून आज जाडीपासून सुरुवात करू आणि एक पूर्ण हिशोब मांडू.

गच्चीवर टाकायला मी एक्सपीएस शीट देतो. साधं पांढरं थर्माकोल म्हणजे ईपीएस. त्यात दाण्यांच्या मधून पाणी शिरते, आणि आपल्याकडे उन्हाळा जितका कडक तितकाच पावसाळाही जोरदार. ओलं झालेलं इन्सुलेशन कामाचं राहत नाही. एक्सपीएस बंद पेशींचं असल्यामुळे पाणी जवळपास पीत नाही. भाव जास्त आहे, पण गच्चीवर मी दुसरं सुचवत नाही.

आता जाडी. उष्णतेला अडवायची ताकद काढायची साधी रीत अशी: जाडी मीटरमध्ये घ्या आणि मटेरियलच्या के व्हॅल्यूने भागा. के व्हॅल्यू म्हणजे त्या मटेरियलमधून उष्णता किती सहज जाते तो आकडा. एक्सपीएसचा साधारण ०.०३ धरा. म्हणजे ५० मिमीला ०.०५ भागिले ०.०३, उत्तर १.६७. हा झाला रोध. आपला पाच इंची स्लॅब, खालचं प्लास्टर आणि वर-खालच्या हवेचा थर, सगळं मिळून रोध फक्त ०.३ च्या आसपास येतो. एवढा जाड दिसणारा स्लॅब उष्णतेला जवळपास अडवतच नाही, हे पाहून लोकांना नवल वाटते.

एकूण रोधाने १ ला भागलं की यू व्हॅल्यू मिळते. उघड्या स्लॅबची ३.३. २५ मिमी टाकली की ०.८८, ५० ला ०.५१, ७५ ला ०.३६ आणि १०० ला ०.२८. हेच दुसऱ्या भाषेत सांगतो. उघड्या स्लॅबमधून १०० रुपयांची उष्णता आत येत असेल, तर २५ मिमीने ती २७ रुपयांवर येते, ५० मिमीने १५ वर, ७५ ने ११ वर आणि १०० ने ८ वर. पहिल्या इंचाने ७३ वाचले, दुसऱ्याने १२, तिसऱ्याने फक्त ४. खर्च मात्र दर इंचाला जवळपास तेवढाच वाढत जातो. गिऱ्हाईकासमोर कागदावर हे चार आकडे लिहा, वाद तिथंच संपतो.

नियमात काय आहे तेही सांगतो. घरांसाठी २०१८ ची इको निवास संहिता छताची यू व्हॅल्यू १.२ च्या वर जाऊ देत नाही. २५ मिमी एक्सपीएस त्यात आरामात बसते. मोठ्या व्यावसायिक इमारतींना ईसीबीसी लागू होतो, तिथं आपल्या हवामानासाठी बहुतेक इमारतींना ०.३३ लागते आणि मग ८०-८५ मिमीच्या पुढे जावं लागते. माझं मत विचाराल तर कूलर-पंख्यावर चालणाऱ्या घराला २५ पुरते. वरच्या खोलीत एसी असेल तर ५० घ्या, विजेच्या बिलात फरक दिसते. साध्या घराला ७५ मिमी विकणं म्हणजे आपलं दुकान चालवणं झालं, त्याचं घर थंड करणं नाही.

पण एक मर्यादा लक्षात ठेवा. हे आकडे फक्त छताचे आहेत. पश्चिमेची भिंत तापत असेल, खिडकीला छज्जा नसेल, तर तिकडून उष्णता येतच राहणार. "अर्धा ताप कमी होईल" असा शब्द गिऱ्हाईकाला देऊ नका.

आता एक गच्ची मोजू. मूलच्या एका गुरुजींचं घर होतं. नकाशावर ३१.५ बाय २५.५ फूट, म्हणजे ८०३ चौरस फूट. गुरुजी म्हणाले, "आठशे धरा." मी टेप घेऊन वर गेलो. चारही बाजूंनी नऊ इंची कठडा. आतून मोजलं तर ३० बाय २४, म्हणजे ७२०. त्यातून जिन्याची खोली १० बाय ७, ते ७० गेले. उरले ६५० चौरस फूट. टाकीचा स्टँड चार पायांवर उभा होता, त्याच्याखालूनही शीट जाते, म्हणून तो वजा केला नाही. चौरस मीटर करायला १०.७६४ ने भागा: ६०.४ चौरस मीटर. नकाशावर विसंबलो असतो तर सव्वाशे-दीडशे फुटांचं मटेरियल उगाच गेलं असतं.

शीटचं नेहमीचं माप १२५० बाय ६०० मिमी, म्हणजे ०.७५ चौरस मीटर. ६०.४ भागिले ०.७५ केलं की ८०.५ येतात. इथं मी पहिल्यांदा चूक केली. सरळ ८१ शीट मागवल्या. दोन शीट गाडीतून उतरवताना कोपऱ्यावर तुटल्या, आणि जिन्याच्या खोलीभोवती कापलेले तुकडे कुठेच बसेनात. पाच शीट कमी पडल्या. नागपूर इथून दीडशे किलोमीटर. पाच शीटांचं भाडं त्या शीटांच्या किमतीपेक्षा जास्त झालं, आणि ते गुरुजींकडून मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून चौकोनी गच्चीला ५ टक्के आणि कोपरे-कोनाडे जास्त असतील तर ८ ते १० टक्के वर धरतो. ६०.४ ला ५ टक्के वाढवून ०.७५ ने भागलं की ८४.६, म्हणजे ८५ शीट. बंडल फोडून देत नसतील आणि एका बंडलात समजा ८ शीट असतील, तर ११ बंडल, ८८ शीट. शीटमध्ये ठेवायचा असेल तर A2 मध्ये चौरस मीटर टाका आणि हे सूत्र लिहा:

```
=ROUNDUP(A2*1.05/0.75,0)
```

गाडी ठरवताना घनमापही काढा. ८८ शीट, प्रत्येकी ०.७५ चौरस मीटर, जाडी ०.०५ मीटर: ३.३ घनमीटर. वजन मात्र सव्वाशे किलोच्या आत. वजन ऐकून लोक ऑटो बोलावतात आणि माल अर्धा रस्त्यावर राहतो. छोटा हत्तीच लागते. दोरी सरळ शीटवर आवळू नका, कडा चिरतात. खाली प्लायवूडची पट्टी द्या.

माल आला की वजनकाटा काढा. ५० मिमीच्या एका शीटचं आकारमान ०.०३७५ घनमीटर. डीलरने घनता ३२ सांगितली असेल तर शीट १.२ किलो भरली पाहिजे. पाऊण किलोच भरली तर घनता २० आहे, वर वजन आलं की ती दबेल. जाडी स्केलने तीन ठिकाणी तपासा. ५० सांगून ४५ येणं काही नवीन नाही, आणि त्या पाच मिमीचे पैसे पूर्ण गच्चीवर धरून पाहा म्हणजे कळेल.

बसवताना आधी वॉटरप्रूफिंग पूर्ण करा, उतार नीट करा, आणि दोन-तीन दिवस पाणी साचवून खालून ओल येते का बघा. गळक्या स्लॅबवर शीट टाकली तर नंतर गळती कुठून होते तेच सापडत नाही, सगळं उखडावं लागते. त्यावर शीट, सांधे विटांसारखे सरकवून. मग जाडसर कापड किंवा प्लॅस्टिक, त्यावर जाळी टाकून दोन इंची सिमेंटचा थर, दर तीन मीटरवर सांधा सोडून. शीट उघडी ठेवायची नाही, उन्हाने तिचा भुगा होतो.

इथं दोन गोष्टी अडतात. दोन इंची सिमेंट म्हणजे चौरस मीटरला साधारण १२० किलो, आणि गुरुजींच्या ६० मीटरवर ७ टनांच्या वर वजन. जुन्या स्लॅबवर आधीच विटांचा कोबा असेल तर इंजिनीअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. दुसरं, शीट दोन इंच आणि थर दोन इंच, म्हणजे गच्ची चार इंच वर येते. जिन्याच्या दाराचा उंबरठा आणि पाण्याचे पाईप आधीच बघा. गुरुजींकडे उंबरठा साडेतीन इंच होता. शेवटी तिथं दोन इंची पायरी बांधली आणि दार खालून कापलं.

स्लॅब नसलेल्या घरांचं थोडक्यात. गडचिरोलीकडे वानरांनी कवेलू फोडून फोडून बऱ्याच जणांनी टिन टाकले, आणि टिनाखालचा माळा भट्टी होतो. तिथं आडव्या सीलिंगवर ५० मिमी ग्लासवूल किंवा रॉकवूल पसरा. क्षेत्रफळ खोलीच्या फरशीएवढंच धरा, उताराचं नाही. उतारावर टिनाला चिकटवून लावायचं असेल तर ३० अंशाला फरशीच्या १.१५ पट लागते. रोल दाबून बसवू नका, ५० चा ३० झाला की ताकदही गेली. आणि घरात चूल पेटत असेल तर थर्माकोलची सीलिंग अजिबात नको, ते पेटते आणि उंदीरही त्यात घर करतात. तिथं रॉकवूल.

शेवटी एक सांगतो, यात माझाच धंदा कमी होते, पण चालते. खिसा तंग असेल तर आधी गच्चीला पांढरा चुना किंवा कूल रूफ पेंट मारा. चंद्रपुरात कोळशाच्या धुळीने तो लवकर काळवंडते, म्हणून मार्चअखेर गच्ची धुवून पुन्हा एक हात द्या.